क्वांटम संगणकापुढे कोणती कुलपे टिकतील?

ऑगस्ट 1977 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात एक 129 अंकी संख्या छापली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून ती तयार केली होती. त्या दोन संख्या शोधणाऱ्याला सोबत दिलेला गुप्त संदेश वाचता येणार होता आणि वर शंभर डॉलरचे बक्षीसही होते. कोडे घालणारे होते अमेरिकेच्या एमआयटीतले रॉन रिव्हेस्ट, आदी शमिर आणि लेनर्ड एडलमन. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच आरएसए हे नाव आले. तेव्हाच्या पद्धतींनी हे अवयव शोधायला चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे लागतील, असा अंदाज त्या लेखात दिला होता.

प्रत्यक्षात सतरा वर्षे लागली. इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर आठेक महिने काम वाटून घेतले आणि एप्रिल 1994 मध्ये संदेश उलगडला. यावर उपाय सोपा होता: संख्या आणखी मोठी घ्यायची. आज सर्रास वापरली जाणारी 2048 बिटांची आरएसए किल्ली म्हणजे 617 अंकी संख्या. साध्या संगणकांनी 2020 मध्ये 250 अंकी संख्येपर्यंत मजल मारली, तीही एका प्रोसेसर कोअरला सुमारे 2700 वर्षे पुरेल इतके काम हजारो कोअरमध्ये वाटून. त्यापुढचे साडेतीनशेहून अधिक अंक या मार्गाने कापण्याची कोणालाच आशा नाही.

मात्र त्याच 1994 साली बेल लॅब्जमधल्या पीटर शोर यांनी वेगळाच मार्ग दाखवला. क्वांटम संगणक बनला तर त्याच्यापुढे संख्या मोठी करण्याचा उपाय चालणार नाही, हे त्यांनी सिद्ध केले. शोर यांच्या पद्धतीत किल्लीची लांबी दुप्पट केली की फोडण्याचे काम साधारण आठपट वाढते. आठपट हा वेग रोखायला पुरेसा अडथळा नाही. तीस वर्षांपूर्वी कागदावर असलेला तो धोका आता सरकारी वेळापत्रकांत, ब्राउझरमध्ये आणि मोबाइलच्या संदेशसेवांत उतरला आहे.

पण 'क्वांटम संगणक सगळे एन्क्रिप्शन फोडणार' हे वारंवार छापून येणारे वाक्य चुकीचे आहे. काय फुटेल आणि काय टिकेल हे समजायला बँकेचे संकेतस्थळ उघडताना पहिल्या अर्ध्या सेकंदात काय घडते ते पाहावे लागते. तेव्हा तीन निरनिराळी कामे होतात. ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर उघड्या वाटेवरून बोलूनही दोघांनाच कळेल अशी एक गुप्त किल्ली ठरवतात. हे किल्लीची देवाणघेवाण करण्याचे काम. आपण खरोखर तीच बँक आहोत हे सर्व्हर डिजिटल सहीने सिद्ध करतो. त्यानंतर सगळा मजकूर, म्हणजे पासवर्ड, खात्यातली शिल्लक, व्यवहार, त्या ठरलेल्या किल्लीने एईएस नावाच्या पद्धतीत गुंडाळला जातो.

पहिली दोन कामे आज आरएसए किंवा इलिप्टिक कर्व्ह यांच्या गणितावर चालतात. शोर यांची पद्धत या दोन्हींना मोडते. तिसरे काम करणारी एईएस मात्र तिच्या आवाक्यात येत नाही.

हे असे का, ते एका लहान उदाहरणात दिसते. समजा फोडायची संख्या 21 आहे. 2 चे घात घेत जायचे आणि प्रत्येक वेळी 21 ने भागून बाकी लिहायची: 2, 4, 8, 16, मग 32 ची बाकी 11, त्याच्या दुपटीची म्हणजे 22 ची बाकी 1. पुढे पुन्हा 2, 4, 8. म्हणजे दर सहा पावलांनी क्रम नव्याने सुरू होतो. हे सहाचे आवर्तन हाती आले की उरलेले गणित शाळेतले आहे. सहाचे निम्मे तीन. 2 चा तिसरा घात 8. त्यातून एक वजा केल्यास 7 आणि एक मिळवल्यास 9. आता 7 आणि 21 चा मसावि 7, तर 9 आणि 21 चा मसावि 3. झाले, 21 चे अवयव 7 आणि 3.

म्हणजे अवयव शोधण्याचा प्रश्न आवर्तन शोधण्याच्या प्रश्नात बदलता येतो. 617 अंकी संख्येचे आवर्तन इतके लांब असते की एकेक पाऊल मोजत गेल्यास विश्वाचे वय अपुरे पडेल. क्वांटम संगणक इथे कामी येतो. तो सगळी उत्तरे एकाच वेळी काढतो आणि हवे ते उचलतो, असे सांगितले जाते, पण ते खरे नाही. मोजमाप करायला गेले की त्यातले एकच, तेही कोणतेही, उत्तर हाती लागते. शोर यांची करामत अशी की ते असंख्य घात एकाच क्वांटम अवस्थेत आणून त्यांच्या लहरी एकमेकांवर आदळवतात. आवर्तनाशी न जुळणाऱ्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात, जुळणाऱ्या बळावतात. मोजमाप केल्यावर जे हाती येते त्यातून आवर्तन काढता येते. ज्या कोड्यात असे दडलेले आवर्तन असते त्याच कोड्यावर ही युक्ती चालते. इलिप्टिक कर्व्हच्या गणितातही ते असते. उलट कर्व्हच्या किल्ल्या लहान, 256 बिटांच्या असतात आणि आजच्या अंदाजांनुसार त्या फोडायला 2048 बिटांच्या आरएसएपेक्षा कमी क्यूबिट पुरतात. साध्या संगणकापुढे ज्या पद्धतीने आरएसएला मागे टाकले, ती क्वांटम संगणकापुढे आधी पडू शकते.

एईएसमध्ये असे काही आवर्तन नाही. तिथे मजकुराचे तुकडे फिरवणे, अदलाबदल करणे, मिसळणे यांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि किल्ली शोधायची तर एकामागून एक किल्ल्या लावून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. या शोधाला क्वांटम संगणक थोडा वेग देतो. ती पद्धत 1996 साली लव ग्रोव्हर यांनी मांडली. तेही बेल लॅब्जमध्येच होते, आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण दिल्लीच्या आयआयटीतले. त्यांच्या पद्धतीने जितक्या किल्ल्या असतील त्यांच्या वर्गमुळाइतक्याच पावलांत काम होते. 128 बिटांच्या एईएससाठी 2 च्या 128 व्या घाताऐवजी साधारण 2 चा 64 वा घात.

हा आकडा ऐकून पुष्कळांना एईएस निम्मी कमजोर झाल्यासारखी वाटते. पण ही पावले एकापाठोपाठ एकच टाकावी लागतात. एखाद्या क्वांटम संगणकाने सेकंदाला दहा लाख पावले टाकली, जी आजच्या कल्पनेपलीकडची गती आहे, तरी काही लाख वर्षे लागतील. दहा लाख संगणक लावले तर काळ दहा लाखपट नव्हे, फक्त हजारपट घटतो. तरीही शंका नको म्हणून 256 बिटांची एईएस वापरता येते, आणि तो बदल बहुतेक ठिकाणी सेटिंगपुरताच असतो. पासवर्ड जपायला किंवा फाइल बदलली का हे तपासायला वापरले जाणारे हॅशही याच कारणाने टिकतात.

मग आरएसए फोडणारा संगणक किती मोठा हवा? गूगलचे क्रेग गिडनी आणि स्वीडनचे मार्टिन एकेरो यांनी 2019 मध्ये हिशेब मांडला: दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास. क्यूबिट फार चुका करतात. एक भरवशाचा क्यूबिट मिळवायला शेकडो, कधी हजाराच्या घरात कच्चे क्यूबिट राबवावे लागतात, म्हणून आकडा एवढा फुगतो. मे 2025 मध्ये गिडनी यांनीच नवा हिशेब दिला: दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. यंत्र वाढले नाही, फक्त पद्धत सुधारली, आणि गरज सहा वर्षांत विसाव्या हिश्श्यावर आली. डिसेंबर 2024 मध्ये गूगलने जाहीर केलेल्या विलो चिपवर 105 क्यूबिट आहेत. अंतर अजून प्रचंड आहे. पण ते दोन्ही टोकांकडून कमी होत आहे, आणि म्हणून 'अमुक साली' असे ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ते साल कळण्याची वाट पाहणेही परवडणारे नाही, कारण चोरी आजच करता येते. देशाबाहेर जाणाऱ्या केबलवरून वाहणारे डेटाचे लोंढे नोंदवून ठेवायचे, डिस्कवर साठवायचे आणि योग्य यंत्र हाती आले की उघडायचे, याला क्वांटम संगणक लागत नाही, फक्त साठवणुकीची जागा लागते. नोंदवलेल्या संवादाच्या सुरुवातीलाच किल्लीची देवाणघेवाण असते. ती फुटली की एईएसची किल्ली बाहेर येते, आणि मग एईएस स्वतः कितीही भक्कम असो, पुढचा सगळा मजकूर उघडा.

भारतातले याचे सर्वांत बोलके उदाहरण आधारचे आहे. आधार पडताळणीच्या प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक आराखड्यात असे ठरवले आहे की रेशन दुकानात किंवा बँकेत बोट टेकवले की ठशाची माहिती यंत्रातच 256 बिटांच्या एईएसने गुंडाळायची आणि ती एईएस किल्ली प्राधिकरणाच्या 2048 बिटांच्या आरएसए सार्वजनिक किल्लीने बंद करायची. आतला डबा क्वांटम संगणकालाही भारी आहे; बाहेरचा नाही. कोणी अशी पाकिटे आज वाटेत अडवून जमवली तर पुढे आरएसए फुटल्यावर त्यातले ठसे त्याच्या हाती येतील. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही.

कॅनडातले मिकेले मोस्का यांनी यासाठी एक साधी बेरीज सुचवली आहे. माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी आणि नव्या पद्धतीवर जायला किती वर्षे लागतील, यांची बेरीज क्वांटम संगणक यायला लागणाऱ्या वर्षांहून मोठी असेल, तर उशीर आधीच झालेला आहे. उद्याच्या सामन्याच्या तिकिटाचा क्रमांक या बेरजेत कधीच सापडत नाही. ठसा, आनुवंशिक चाचणीचा अहवाल, परराष्ट्र खात्याची तार हे सगळे सापडते.

आता बदलीच्या पद्धतींकडे. एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी: या पद्धतींना क्वांटम यंत्र लागत नाही. त्या आजच्याच मोबाइलवर आणि सर्व्हरवर चालतात. बदलते ते आतले गणिती कोडे. आवर्तन नसलेले, शोर यांच्या पद्धतीला कुठे हात घालायला जागा न देणारे कोडे शोधायचे. त्यातले सर्वांत पुढे गेलेले कोडे ओडेड रेगेव्ह यांनी 2005 मध्ये मांडले. त्याचा गाभा आठवी-नववीच्या एकसामयिक समीकरणांचा आहे, फक्त उत्तरांत मुद्दाम थोडी चूक पेरलेली असते.

समजा अ आणि ब या दोन गुप्त संख्या आहेत आणि सगळे हिशेब 97 ने भागून उरलेल्या बाकीचे आहेत. खालची तीन समीकरणे कोणीही पाहू शकतो:

```
12अ + 31ब ≈ 18
44अ +  7ब ≈ 81
20अ + 65ब ≈ 39
```

गुपित आहे अ = 5, ब = 8. खरी उत्तरे 17, 82 आणि 38 अशी होती. प्रत्येकात एकाची चूक मुद्दाम मिसळली आहे. चूक नसती तर दोन समीकरणे सोडवून कोणीही अ आणि ब काढले असते. चुकीमुळे ती सोडवायला जावे तर भलतेच उत्तर येते, आणि समीकरणे जितकी जास्त एकत्र करावीत तितक्या चुका वाढत जातात.

आता दुसऱ्या कोणाला एक बिट पाठवायचा आहे, 0 किंवा 1. तो पहिले आणि तिसरे समीकरण निवडून बेरीज करतो: 32अ + 96ब ≈ 57. बिट 1 असेल तर उजवीकडे 97 च्या साधारण निम्मे, म्हणजे 48 मिळवतो. 105 ची बाकी 8. तो पाठवतो 32, 96 आणि 8. गुपित माहीत असलेला माणूस 32 गुणिले 5 अधिक 96 गुणिले 8 करतो, 928 येतात, त्याची बाकी 55. मग 8 मधून 55 वजा केले की 97 च्या हिशेबात 50 उरतात. 50 हे 48 च्या जवळ, म्हणजे बिट 1 होता. पाठवणाऱ्याने 48 मिळवले नसते तर 2 उरले असते, म्हणजे शून्याच्या जवळ. दोन समीकरणांतल्या चुकांची बेरीज, 2, शेवटी तशीच राहते, पण ती इतकी लहान आहे की उत्तर ओळखायला आड येत नाही. गुपित माहीत नसलेल्याला मात्र तीच चूक आडवी येते.

दोन अज्ञातांचे हे कोडे हाताने तपासूनही सुटेल, कारण जोड्या जेमतेम साडेनऊ हजार आहेत. एमएल-केईएम या प्रमाणित पद्धतीच्या मधल्या आकारात अज्ञात संख्या 768 असतात, 3329 ने भागून बाकी घेतली जाते आणि चुका उणे 2 ते 2 या मर्यादेत ठेवल्या जातात. समीकरणांना एक खास रचना दिलेली असते, म्हणून किल्ली आटोपशीर राहते आणि हिशेब वेगाने होतो. साध्या वा क्वांटम, कोणत्याही ज्ञात पद्धतीने हे कोडे सोडवायला लागणारा वेळ अज्ञातांच्या संख्येबरोबर भरमसाट वाढतो.

'ज्ञात' हा शब्द इथे महत्त्वाचा. एप्रिल 2024 मध्ये यीलेई चेन या संशोधकाने याच जातीचे कोडे सोडवणारी क्वांटम पद्धत सापडल्याचा निबंध प्रसिद्ध केला. जगभरचे तज्ज्ञ आठवडाभर त्यातली प्रत्येक पायरी तपासत होते. आठव्या दिवशी नवव्या पायरीत दुरुस्त न होणारी चूक निघाली आणि लेखकाने स्वतः ती मान्य केली. कोडे टिकले. पण ते कायमचे अभेद्य असल्याची गणिती सिद्धता कोणाकडेच नाही. आरएसएबद्दलही ती कधी नव्हती.

अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेने 2016 मध्ये जगभरातून नव्या पद्धती मागवल्या, त्या जाहीरपणे सहा वर्षे तपासू दिल्या आणि ऑगस्ट 2024 मध्ये तीन प्रमाणे जाहीर केली. किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी एमएल-केईएम, सहीसाठी एमएल-डीएसए, आणि सहीसाठीच, पण केवळ हॅशवर उभी असलेली एसएलएच-डीएसए. ही तिसरी लॅटिसच्या गणितावर मुळीच अवलंबून नाही. उद्या लॅटिसच कोसळले तर हाताशी दुसरे काही असावे, म्हणून ती ठेवली आहे.

उघड तपासणीचे मोल कळते ते बाद झालेल्यांच्या कथेतून. साईक नावाची पद्धत स्पर्धेत बरीच पुढे आली होती. तिच्या किल्ल्या लहान होत्या, म्हणून ती अनेकांची लाडकी होती, आणि क्वांटम संगणकाविरुद्ध ती भक्कम समजली जात होती. जुलै 2022 मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातल्या वाउटर कास्ट्रिक आणि टॉमास डेक्रू यांनी ती फोडली. साधा संगणक, एकच प्रोसेसर कोअर, सुमारे तासभर. त्यांनी वापरलेले प्रमेय 1997 सालचे, शुद्ध गणितातले होते. त्याच वर्षी रेनबो ही सहीची पद्धत वॉर्ड ब्युलेन्स यांनी लॅपटॉपवर शनिवार-रविवारच्या अवधीत मोडून दाखवली.

म्हणून आज जिथे जिथे बदल होत आहे तिथे बहुतेकांनी जुने टाकून नवे घेतलेले नाही. दोन्ही एकत्र लावले आहेत. क्रोम आणि इतर ब्राउझर X25519MLKEM768 या नावाची जोडी वापरतात: एक किल्ली जुन्या इलिप्टिक कर्व्हने ठरते, दुसरी एमएल-केईएमने, आणि दोन्ही मिसळून अंतिम किल्ली बनते. क्वांटम संगणक आला तर जुने जाईल, नवे उरेल. नव्या गणितात साईकसारखे भगदाड निघाले तर आजच्या साध्या संगणकांपुढे जुने उरेल. हा शहाणपणाचा निर्णय आहे आणि त्याची किंमतही माफक आहे. सिग्नलने सप्टेंबर 2023 मध्ये, ॲपलच्या आयमेसेजने 2024 च्या वसंतात असाच मिश्र मार्ग घेतला.

किंमत माफक असली तरी शून्य नाही, आणि ती वेगात नसून आकारात मोजावी लागते. हिशेबाच्या वेगात एमएल-केईएम जुन्या पद्धतींच्या तोडीस तोड आहे. पण जुनी कर्व्हची सार्वजनिक किल्ली 32 बाइटची, एमएल-केईएमची 1184 बाइटची. ब्राउझरचा सर्व्हरला जाणारा पहिला निरोप आजवर इंटरनेटच्या एका पॅकेटमध्ये मावायचा, आणि पॅकेट साधारण दीड हजार बाइटचे असते. नवी किल्ली घातली की निरोप दोन पॅकेटांत जातो.

नियमाप्रमाणे यात काहीच गैर नाही. पण एप्रिल 2024 मध्ये क्रोमने या जोडीची आधीची आवृत्ती संगणकांवर सर्वांसाठी सुरू केली तेव्हा काही संकेतस्थळे उघडेनाशी झाली. कारण नव्या गणितात नव्हते. काही सर्व्हरचे आणि मधल्या फायरवॉल उपकरणांचे जुने प्रोग्रॅम पहिले पॅकेट वाचून निरोप संपला असे धरून चालत, आणि दुसऱ्याची वाट न पाहता जोडणी तोडत. असा दोष ओळखायची खूण म्हणजे जुन्या ब्राउझरने संकेतस्थळ उघडते, नव्याने अडकते किंवा जोडणी तुटल्याचा संदेश येतो, आणि नवी जोडी बंद केली की पुन्हा सुरळीत होते. उपाय उपकरणाचा प्रोग्रॅम सुधारण्याचा आहे. नवी जोडी कायमची बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे, आणि घाईत तोच केला जातो.

किल्लीच्या देवाणघेवाणीचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला आहे. सहीचा प्रश्न खरा अवघड आहे.

सहीला एक सवलत मिळते: आज झालेली ओळखपरेड उद्या फोडून उपयोग नाही. 2040 मध्ये बँकेची खासगी किल्ली काढून 2025 मधली बैठक नव्याने घडवता येत नाही. म्हणून सह्या थोडे थांबू शकतात. पण आकाराचे ओझे तिथे खूपच मोठे आहे. कर्व्हची सही 64 बाइटची. एमएल-डीएसएची सर्वांत लहान 2420 बाइटची. एसएलएच-डीएसएची सर्वांत आटोपशीर 7856 बाइटची. संकेतस्थळ उघडताना एकच सही तपासली जात नाही. प्रमाणपत्रावरची, त्याला मान्यता देणाऱ्यावरची, सार्वजनिक नोंदवहीत नोंद झाल्याच्या दोन आणि सर्व्हरची स्वतःची, अशा साधारण पाच सह्या आणि दोन सार्वजनिक किल्ल्या येतात. आज हे सगळे मिळून पाचेकशे बाइट. एमएल-डीएसए लावली तर जवळपास पंधरा हजार. कमकुवत नेटवर्कवर, गावातल्या दोन दांड्यांच्या सिग्नलवर, हा भार जाणवण्याइतका आहे. म्हणूनच ब्राउझर आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था सह्या जशाच्या तशा बदलण्याऐवजी प्रमाणपत्रांची रचनाच हलकी करता येईल का, यावर काम करत आहेत.

शिवाय प्रत्येक सही क्षणभराची नसते. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो, आणि जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. भारतातल्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रांना आज आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह याच पद्धतींची मान्यता आहे. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढता आली की मागची तारीख घातलेला, सही बरोबर जुळणारा खोटा उतारा कोणालाही बनवता येईल. संकेतस्थळावरच्या मूळ नोंदीशी ताडून पाहण्याची सोय असेल तिथे बचाव होईल. केवळ फाइलवर विसंबलेल्या कागदांना बचावासाठी वेळ असतानाच नव्या पद्धतीची सही किंवा कालमुद्रा वरून लावून घ्यावी लागेल. गाडीत, वीजमीटरमध्ये, वैद्यकीय उपकरणांत कारखान्यातच कोरलेल्या किल्ल्यांची अडचण अशीच. वीस वर्षे चालणारे मीटर आज आरएसएची किल्ली घेऊन बसवले तर सॉफ्टवेअर अपडेट खरे की खोटे हे ते वीस वर्षे त्याच किल्लीने ठरवणार.

निस्टच्या नोव्हेंबर 2024 च्या मसुद्यानुसार 2048 बिटांची आरएसए आणि तिच्या बरोबरीच्या पद्धती 2030 नंतर टाळायच्या आणि 2035 नंतर सगळ्याच जुन्या सार्वजनिक किल्ल्यांना मनाई. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्रानेही 2035 हीच शेवटची मुदत सांगितली आहे. भारताचे राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाले, पण त्याचा भर मुख्यतः क्वांटम संगणक, संवेदक आणि दळणवळण उभारण्यावर आहे. जुन्या किल्ल्या शोधून बदलण्याचे काम त्याहून निराळे आहे. त्याची सुरुवात एका कंटाळवाण्या यादीने होते: संस्थेत कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणत्या उपकरणात, कोणती किल्ली, किती वर्षांसाठी वापरली जाते. ही यादी बहुतेक संस्थांकडे नसते, आणि तिच्यावाचून मोस्कांची बेरीज मांडताच येत नाही.

वाचकाला यातला एक भाग स्वतः पाहता येतो. संगणकावर क्रोममध्ये बँकेचे संकेतस्थळ उघडून F12 दाबावे आणि Security हा विभाग पाहावा. जोडणीच्या वर्णनात X25519MLKEM768 दिसले तर किल्लीची देवाणघेवाण नव्या पद्धतीने झाली आहे. नुसते X25519 किंवा P-256 दिसले तर ती जुनीच आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना `ssh -v` चालवून `kex: algorithm` या ओळीत हीच तपासणी करता येते. तिथे `mlkem768x25519-sha256` किंवा `sntrup761x25519-sha512` असायला हवे. प्रमाणपत्रावरची सही मात्र आज जवळजवळ सगळीकडे आरएसए किंवा कर्व्हचीच दिसेल, आणि त्यात तूर्त घाबरण्यासारखे नाही.

ज्या रुग्णालयाकडे आपले आनुवंशिक अहवाल आहेत, ज्या बँकेकडे ठसे आणि मृत्युपत्र आहे, त्यांना ग्राहकांनी दोन प्रश्न लेखी विचारावेत: आमची माहिती वाटेत असताना किल्लीची देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने होते, आणि ती बदलण्याची तुमची मुदत कोणती?